सात नंबरची रिकामी जागा

लंकाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावलं नाही. दार अर्धं उघडून, एक हात कडीवर ठेवूनच मी बोलले. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा राम त्याच शाळेच्या संस्थेच्या सचिवांचा ट्रॅक्टर चालवतो हेही माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी मला ही दुसरी गोष्टच जास्त महत्त्वाची वाटली.

"पोरीचं बोट कसं हाय, वैनी?"

रुचाच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट सुजून तेव्हा दोन दिवस झाले होते. ती सहावीत. शाळेतून आली तेव्हा म्हणाली, मधल्या सुट्टीत पळताना पडले. आम्ही तिला कर्जतला नेलं. फोटो काढला तर हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मीच सांगितलं, खेळताना पडली. त्यांनी तसं कागदावर लिहिलं.

"बरं आहे," मी म्हणाले. "पडली होती."

लंकाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पदराला तिखटा-हळदीचा वास येत होता. "व्हय का," त्या म्हणाल्या, "मंग बरं." आणि गेल्या.

मी आत येऊन अनिमेषला म्हणाले, "ही बाई उगाच नाही आली. हिला कुणीतरी पाठवलंय."

माझा नवरा इथल्या बँकेत आहे. तीन वर्षांपूर्वी नगरहून बदली होऊन आम्ही या गावात आलो. कर्जतपासून चौदा किलोमीटर. त्याला माणसांवर शंका घ्यायचा कंटाळा आहे. "कशासाठी पाठवतील? पोरगी पडली, त्यात बघायचं काय?"

तेव्हा आतून रुचा म्हणाली, "मी पडले नाही."

गणिताचे झरेकर सर. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणून त्यांनी हात पुढे करायला लावला, पालथा, आणि लाकडी पट्टीच्या कडेने तीन वेळा मारलं. तिसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला म्हणून बोटावर बसलं. वर्गात अडतीस मुलं होती. सुट्टी झाल्यावर ती रडत नळावर गेली, तर स्वयंपाकखोलीतून लंकाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तिचं बोट गार पाण्याच्या पातेल्यात धरून ठेवलं.

"मग पडले म्हणून सांगायला तुला कुणी शिकवलं? त्या मावशींनी?"

रुचा काही बोलली नाही. मी तिच्या गप्प राहण्याचा मला हवा तो अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांना एक, संस्थेच्या सचिवांना एक. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. अर्ज लिहिणं मला अवघड नाही. तारीख, तास, शिक्षकाचं नाव, बोटाची अवस्था, आणि शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई आहे, हे सगळं एका पानात बसवलं. मागणी एकच ठेवली: चौकशी व्हावी आणि तोवर झरेकर सरांनी सहावीचा तास घेऊ नये. रुचाचे अजून शाळेचे किती दिवस त्या पट्टीसमोर जाणार, एवढाच माझा प्रश्न होता. रुचाच्याच वर्गातल्या, ज्ञानेश्वरीताईंच्या मुलालाही आठवड्यापूर्वी झरेकर सरांनी कान धरून भिंतीवर आपटलं होतं. त्यांनीही खाली सही केली.

शाळेतल्या लेखनिकाने दोन्ही अर्ज घेतले, दोनदा वाचले आणि खणात ठेवले. "देतो साहेबांना."

बाहेर पडताना स्वयंपाकखोलीच्या दारात लंकाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी न बघितल्यासारखं करून चालले. मागून आवाज आला.

"दुसऱ्या कागदावर सही-शिक्का घेतला का?"

मी थांबले. "कसला?"

"तुमच्याकडं ऱ्हानाऱ्या कागदावर. त्यांनी घेतला म्हून. न्हाईतर उद्या म्हनतील, कुटला अर्ज?"

मला राग आला. एक तर ही बाई माझ्या हातातल्या कागदांवर नजर ठेवून होती. आणि दुसरं म्हणजे तिचं बरोबर होतं. मी परत आत गेले, माझ्याकडची प्रत पुढे केली आणि पोच मागितली. लेखनिक म्हणाला, शिक्का कपाटात आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे. मी म्हणाले, थांबते. पाऊण तास बाकावर बसले. शेवटी आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळाला. बाहेर आले तेव्हा लंकाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या, तांदळातला खडा काढत होत्या.

घरी मी अनिमेषला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मदतच केली की त्यांनी."

"किंवा मी अर्ज दिला की नाही याची खात्री करून घेतली."

"सुचित्रा, तू दोन्हीकडून फास आवळतेस."

पण मी काही उगाच संशयी नव्हते. त्या आठवड्यात आमच्या आसपास काय काय बदललं ते मी बघत होते. दूध घालणारा गडी पूर्वी दारात दोन शब्द बोलायचा, आता किटली ठेवून निघून जायचा. ज्ञानेश्वरीताईंचा फोन आला, त्यांच्या यजमानांनी त्यांना या भानगडीतून बाहेर यायला सांगितलं होतं. "माझी सही खोडता येईल का हो?" मी विचारलं, तुमच्या मुलाचा कान? त्या म्हणाल्या, "कान काय, बरा होतो." रुचाला वर्गात मागच्या बाकावर बसवलं गेलं. तिच्या मैत्रिणी तिच्याशी बोलत होत्या, पण नजर चुकवून.

आठ दिवस शाळेकडून काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा मी कर्जतला गेले. पंचायत समितीत शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला, सोबत पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि डॉक्टरांचे कागद. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना अहिल्यानगरला त्याच दिवशी स्पीड पोस्टाने प्रत पाठवली. आवक टेबलावरच्या माणसाने शिक्का मारता मारता शांतपणे समजावलं, "ताई, एक लक्षात ठेवा. आम्ही चौकशी करू, अहवाल वर पाठवू. पण खाजगी संस्थेच्या शिक्षकावर कारवाई संस्थाच करते. खातं तिला लेखी कळवतं, करा म्हणून. तुमचे कागद मात्र नीट ठेवा." मग तो डॉक्टरांच्या कागदाशी थांबला. "यावर तर पडल्यामुळे असं लिहिलंय."

मी सांगितलं ते कसं झालं. त्याने मान हलवली, पण बाजूला ठेवलेली पेन्सिल त्याने त्या ओळीवर एकदा टेकवली. ती खूण मला दिवसभर दिसत राहिली.

चौथ्या दिवशी शाळेतून निरोप आला. शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे, तक्रारदार म्हणून या.

सभा सहावीच्या वर्गातच होती. बाकांवर समितीचे सदस्य बसले होते, बहुतेक पालक. फळ्याजवळ खुर्च्यांवर मुख्याध्यापक, झरेकर सर आणि सचिव श्रीमंत आण्णा. आण्णांना सगळा गाव आण्णा म्हणतो. त्यांच्या संस्थेची शाळा, त्यांचंच आवार. दुसऱ्या बाकावर लंकाबाईंना बघून मला धक्का बसला. मला माहीत नव्हतं, त्या समितीवर पालक सदस्य होत्या. त्यांची नात आठवीत आहे. समितीत निम्म्या बाया हव्यात, आणि लंकाबाई रोज शाळेतच असतात, म्हणून कुणीतरी त्यांचं नाव घातलं होतं. नावं मोजायला.

म्हणजे सगळं आधीच बांधलेलं आहे, मी मनात म्हटलं. दारात आली, अर्जाचं विचारलं, आणि आता इथे बसली आहे.

सुरुवातीलाच लेखनिकाने रजिस्टर फिरवलं. "हजेरीच्या सह्या करा." पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एक ते तेरा आकडे आणि त्यांच्यापुढे नावं लिहिलेली होती. खाली "निमंत्रित" असं लिहून माझं नाव. वरचं अर्धं पान कोरं. मी सही केली. हजेरी म्हणाले, आणि हजेरीची यादी दिसत होतीच. बी.ए. झालेली बाई मी. पेन घेतलं आणि केली.

रजिस्टर लंकाबाईंपर्यंत गेलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, पान बोटाने चाचपलं.

"वर काय हाय?"

"वर नंतर लिवतो," लेखनिक म्हणाला. "सभेत काय ठरलं ते."

"मंग मी बी नंतर सही करते."

दोन-तीन जण हसले. श्रीमंत आण्णा हसत म्हणाले, "लंके, तुला वाचता तरी येतं का?"

"न्हाई, आण्णा. म्हनून तर इचारते. वाचता येनाऱ्यांनी केल्या की सह्या."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी ते मला लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, ही नुसती हजेरी." लंकाबाई म्हणाल्या, "मी हाय की इथं. दिसत न्हाई का?" यावर मोठ्याने हसू आलं, रजिस्टर पुढे गेलं, आणि सात नंबरपुढची जागा रिकामी राहिली.

मग सभा झाली. झरेकर सर उभे राहिले. उंच, व्यवस्थित इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "मी पट्टी टेबलावर आपटली, मुलांना गप्प करायला. बोट मी मोडलं नाही." आण्णांनी पंचायत समितीकडून आलेला, माझ्या अर्जासोबतचा डॉक्टरांचा कागद वर धरला. "हे डॉक्टरचं आहे. पडल्यामुळं. आईनंच सांगितलंय." मग सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आमी बी छडी खाऊनच मोठे झालो. त्या मास्तरच्या आजबी पाया पडतो."

मी उठून मला जे सांगायचं ते सांगितलं. कायद्याचं सांगितलं, वर्गातल्या मुलांना विचारा म्हणाले. कुणी काही बोललं नाही. लंकाबाईही नाही. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीतून स्वयंपाकखोलीच्या कौलांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यासमोर माझ्या मुलीचं बोट सुजलं होतं, आणि त्या चुलीवरचं आधण बघितल्यासारख्या बसल्या होत्या. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, समितीने मुद्दा ऐकला आहे, विचार करून कळवू.

बाहेर पडताना मी लंकाबाईंना गाठलंच. "मावशी, तुम्ही गप्प का?"

"मला कुनी इचारलं?" त्या म्हणाल्या. "सभेत इचारलं न्हाई त्ये बोलत न्हाई मी."

घरी आल्यावर मी ठरवून टाकलं. सही न करणं म्हणजे दोन्ही बाजूंपासून अंग काढून घेणं. उद्या काही झालं तर आण्णांना सांगायचं, मी तुमच्या विरोधात कुठे बोलले. आणि मला सांगायचं, मी तिथे सही कुठे केली. हुशार बाई, मी अनिमेषला म्हणाले. तो म्हणाला, "किंवा तिला कोरा कागद आवडत नाही. तुला चालला, तिला नाही." मला ते टोचलं, कारण मी त्यावर सही केली होती.

बारा दिवसांनी मी पुन्हा कर्जतला गेले. आवक टेबलावरच्या त्याच माणसाने फाईल काढली. "शाळेचा खुलासा आलाय. समितीच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडलीय. ही तुमची सही ना?"

माझीच होती. वरच्या कोऱ्या अर्ध्या पानावर आता सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. तक्रारदार पालकांचे गैरसमज दूर झाले. मुलीस खेळताना पडल्याने दुखापत झाल्याचे त्यांनी मान्य केले. सदर तक्रार ते मागे घेत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर. त्याखाली तेरा नावं, आणि सगळ्यात शेवटी मी.

मी ती यादी वरून एकेक नाव करत वाचत गेले. मग माझं लक्ष सात नंबरवर गेलं. लंकाबाई मारुती साळवे, पालक सदस्य. पुढे रिकामं.

"हे बघा," मी म्हणाले, "ही एक सही नाही."

त्याने बघितलं. "मग सर्वानुमते कसं?"

तिथल्याच बाकावर बसून मी दुसरा अर्ज लिहिला. सह्या सभेच्या सुरुवातीला हजेरी म्हणून कोऱ्या पानावर घेतल्या, मजकूर नंतर लिहिला, मी तक्रार मागे घेतलेली नाही, आणि एका सदस्याने याच कारणासाठी सही नाकारली आहे, त्यांना विचारावं. त्यांना विचारावं, हे लिहिताना पेन थांबलं. त्या काय सांगतील हे मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे माझा त्यांच्यावर विश्वासच नव्हता. पण माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अंगणात एक वाकळ भिजत टाकलेली. नात अभ्यास करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तुमचं नाव मी लिहून दिलंय.

"लिवलं तर लिवलं," लंकाबाई म्हणाल्या. "बसा."

मी बसले. "तुमचा राम आण्णांकडे आहे. तुमची खिचडीही त्यांच्याच शाळेत आहे. तुम्ही आमच्यासाठी..."

"तुमच्यासाठी न्हाई." त्या नातीकडे वळल्या. "पानी दे गं." पाणी आल्यावर त्यांनी सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहिते. त्यांचं माहेर राशीनच्या बाजूला. वडील गेल्यावर भाऊ आला. म्हणाला, सात-बाऱ्याला बहिनींची नावं लावायची हायेत, चल. ऑफिसात नेलं, अंगठे घेतले, भज्यांची पुडी हातात दिली. दोन वर्षांनी कळलं, ते हक्कसोड होतं. जमिनीतला वाटा त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने सोडला होता.

"भाऊ वाईट न्हवता," त्या म्हणाल्या. "मी वाचून घेतलं न्हाई. मंग या पोरीकडून सही शिकले, खडूनं, चुलीपुढच्या फरशीवर. पन अजून लिवलेलं वाचता येत न्हाई. म्हून दुसऱ्यानं वाचून दाखवल्याबिगर मी पेन धरत न्हाई. एवढंच."

मी विचारलं, "मग रुचाला पडले म्हणून सांग, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

त्या पहिल्यांदा चिडल्या. "म्या? म्या सांगितलं आईला खरं सांग. तुमच्याच पोरीनं सांगितलं मला, आईला सांगितलं की ती शाळेत येईल, भांडंल, मंग सर अजून मारतील." मग शांतपणे म्हणाल्या, "म्हून तर मी आल्ते तुमच्या दारात. बघाया, पोरीनं सांगितलं का. तुमी म्हनलात पडली. मंग मला कळलं, तिनं सांगितलं न्हाई."

परत येताना वाटेत मला ते दार दिसत राहिलं, अर्धं उघडलेलं, कडीवर माझा हात.

पुढच्या आठवड्यात शिक्षण विस्तार अधिकारी चौकशीला आल्या. मध्यमवयीन बाई, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आधी झरेकर सरांना वर्गाबाहेर पाठवलं. मग सहावीच्या मुलांना कोरे कागद वाटले आणि सांगितलं, नाव लिहू नका, झरेकर सरांच्या तासाला काय काय होतं ते फक्त लिहा. त्या दिवशी चौतीस मुलं हजर होती. चौतीस चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या सत्तावीस चिठ्ठ्यांत पट्टी होती. रुचाचा जबाब त्यांनी माझ्यासमोर घेतला, हळू, मधे मधे थांबत.

मग त्यांनी लंकाबाईंना बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. मला तक्रारदार म्हणून बसू दिलं होतं. श्रीमंत आण्णाही होते.

"सात नंबरला सही का नाही?"

"पान कोरं हुतं."

आण्णा हसले. "तिला कशातलं काय कळतं, मॅडम."

"म्हनून केली न्हाई," लंकाबाई म्हणाल्या.

मॅडमनी लेखनिकाकडे बघितलं. लेखनिक टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्यांनी विचारलं, मजकूर कधी लिहिला? तो म्हणाला, सभा संपल्यावर. पद्धत आहे तशी. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग लंकाबाईंना त्या दिवसाचं विचारलं. त्या सांगत गेल्या आणि मॅडम लिहीत गेल्या. मला वाटलं, आता आण्णांचा चेहरा बघावा. पण मी बघू शकले नाही, कारण लंकाबाई काय बोलतील याचंच मला भय वाटत होतं.

लिहून झालं. "सही करा."

"वाचून दावा."

मॅडमनी वाचलं. "...सरांनी मुलीच्या हातावर पट्टी मारताना मी पाहिले..."

"न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. "मारताना म्या न्हाई पाह्यलं."

आण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"मग काय पाहिलं?"

"तीन आवाज आले. चुलीपाशी हुते मी, त्या खिडकीतनं येतो आवाज. मंग घंटा झाली. पोरगी रडत नळावर आली. हात असा धरलेला. बोट सुजलेलं. तवा सुट्टी नुकतीच लागली हुती, पोरं अजून वर्गातनं बाहेर पडत हुती. खेळायला कुनी गेलं न्हवतं. एवढं पाह्यलं."

मॅडमनी आधीचं वाक्य खोडलं, खोडल्यावर स्वतःची सही केली, आणि लंकाबाईंचं वाक्य लिहिलं. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात तिला शिव्या देत होते. एक वाक्य. एक वाक्य तिला तसंच ठेवता आलं असतं.

"आता वाचून दावा."

पुन्हा वाचलं गेलं. लंकाबाईंनी पेन घेतलं, वाकल्या आणि सही करायला लागल्या. ती सही व्हायला इतका वेळ लागला की बाहेर सुट्टीची घंटा झाली. झाल्यावर त्यांनी सहीच्या खाली एक आडवी रेघ ओढली, पार कागदाच्या कडेपर्यंत.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं.

"खाली कुनी लिवू नये."

नंतर बाहेर ओट्यावर मॅडम मला म्हणाल्या, "त्यांनी ते वाक्य बदललं ना, त्यामुळे बाकीचं सगळं जास्त पक्कं झालं. डॉक्टरांच्या कागदावर खेळताना पडली असं आहे. पण खेळायची वेळच आली नव्हती, हे त्यांनी सांगितलं." मला ते तिथे उभं असताना पटलं नाही. त्या रात्री पटलं.

अहवाल वर गेला. दीड महिन्याने शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र संस्थेला आलं, आणि मी मागितल्यावर एक प्रत मलाही मिळाली. त्या सभेचं इतिवृत्त ग्राह्य धरू नये. संबंधित शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी, त्याचा खुलासा घेऊन कारवाई करावी आणि अनुपालन अहवाल सादर करावा. संस्थेने झरेकर सरांना लेखी ताकीद दिली, सेवापुस्तकात नोंद झाली, आणि त्यांना सहावीवरून काढून नववी-दहावी दिली. आता तिथे ते काय करतात, मला माहीत नाही. मी विचारते, मुली सांगतात, आता पट्टी नाही आणत. मी ते अर्धंच खरं धरते. रुचा पुढच्या बाकावर आली. बोट पूर्ण सरळ होत नाही, पण लिहिता येतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा स्वयंपाकखोलीत दुसऱ्या बाया होत्या. खिचडीचं काम नव्या बचत गटाला दिलं होतं. मी विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, जुन्या गटाची मुदत संपली होती. राम आता आण्णांचा ट्रॅक्टर चालवत नाही, हेही मला गावातूनच कळलं. मी लगेच अर्ज लिहायला बसले. गटशिक्षणाधिकाऱ्यांना. साक्ष दिल्याबद्दल सूडबुद्धीने काम काढून घेतल्याबाबत. दोन पानं झाली. घेऊन लंकाबाईंकडे गेले.

त्या शेंगा फोडत होत्या. "वाचा," म्हणाल्या.

मी वाचलं. पहिल्या पानाच्या मधेच त्यांनी हात वर केला.

"सूड कुनी पाह्यला, वैनी?"

"मावशी, सगळा गाव बोलतोय."

"गाव बोलतोय तर गावाची सही घ्या. माझी नगं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मुदत कवा संपली, नवा गट कुनी निवडला, समितीची सभा झाली का न्हाई, मला बोलावनं का आलं न्हाई, एवढं इचारा. मी अजून समितीवर हाय की. सात नंबर."

मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर, दुसरा कागद घेतला आणि चार वाक्यं लिहिली. चौथं वाक्य त्यांचंच होतं. वाचून दाखवलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मधे नातीने "गट" शब्दावर बोट ठेवलं आणि आजीला म्हणाली, हे ग, हे ट. लंकाबाईंनी मान हलवली.

मग त्यांनी हात पुसले आणि पेन मागितलं. मी त्यांच्या शेजारी बसून ती सही होईपर्यंत थांबले. झाल्यावर त्यांनी कागद परत माझ्याकडे दिला, पण सोडला नाही.

"खाली जागा ऱ्हायली हाय," त्या म्हणाल्या. "रेघ तुमी ओढा."